रिकाम्या चौकटीत ‘नाही’

‘तू फार चिडतेस’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकूनच चिडते. वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून दहा-बारा वर्षं काढल्यावर मी कोल्हापुरातल्याच एका खाजगी कॉलेजात एम.एस्सी. नर्सिंगला बसले, तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, अभ्यासात पडली की जरा निवळेल. उलटंच झालं. वॉर्डात राग यायचा तो तेवढ्यापुरता, ड्युटी संपली की तो तिथंच राहायचा. प्रबंधाचा राग घरी येतो, जेवायला बसतो आणि भाजीत मीठ जास्त झालं म्हणून नवऱ्यावर निघतो.

माझा विषय होता, रक्तदाबाचे आणि साखरेचे पेशंट गोळ्या नियमित का घेत नाहीत. याला आमच्या धंद्यात ॲडहिअरन्स म्हणतात. त्यावर जगभर ढिगानं लेख आहेत. आमच्या कॉलेजात या ढिगाचा रिव्ह्यू लिहायची एक ठरलेली रीत होती. एका लेखाला एक परिच्छेद. अमुकांनी अमुक ठिकाणी अभ्यास केला, इतके पेशंट घेतले, असा असा निष्कर्ष निघाला. झालं. पुढचा लेख. आधी भारतातले, मग परदेशातले. वाचणाऱ्याला शेवटी काय कळतं? काहीच नाही. लग्नात आहेराची यादी वाचून दाखवतात तसं ते वाटतं.

मीही तसंच लिहिलं, कारण माझ्या गाईड मॅडमनी तसंच लिहायला सांगितलं होतं. मॅडमनी सही केली, आणि प्रबंध तपासणाऱ्या कमिटीतल्या एका निवृत्त डॉक्टरांनी ते परत पाठवलं. वर लिहिलं होतं, हे लेख एकमेकांशी बोलत नाहीत, मॅट्रिक्स करा आणि मग लिहा. मॅडम कुणावर चिडल्या? माझ्यावर. ‘‘तुला साधा रिव्ह्यू जोडता येत नाही का गं? माझं नाव जातं त्यावर.’’ सही करताना नाव गेलं नव्हतं, परत आल्यावर गेलं. मी राग गिळून कागद उचलले, कारण कमिटीची पुढची तारीख जवळ होती आणि ती चुकली असती तर पूर्ण सत्र गेलं असतं.

माझ्याच वर्गातली एक मैत्रीण होती, कसबा बावड्याची. तिचा विषय माझ्या विषयाचा चुलतभाऊच, म्हणून मॅडमनी दोघींना एकच मॅट्रिक्स करायला लावलं. पहाटे म्हशीची धार काढून, पोराचा डबा भरून ती कॉलेजला यायची आणि तरी वर्गात सगळ्यांआधी हजर असायची. वॉर्डातली तिच्यासारखी काटेकोर नर्स मी पाहिलेली नाही. आम्ही तिच्या घरी माडीवर लॅपटॉप घेऊन बसायचो. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता, वारं फिरलं की मळीचा वास खिडकीतून आत यायचा, आणि आम्ही लेख वाटून घेऊन रकाने भरत असायचो.

मॅट्रिक्स म्हणजे काही दिव्य नसतं. मोठा तक्ता. एका लेखाला एक आडवी ओळ. उभ्या रकान्यात प्रश्न: पेशंट कोण, कुठले, गोळ्या घेतात की नाही हे मोजलं कशानं, नीट घेणारा कुणाला म्हटलं, किती जण नीट घेणारे निघाले, न घेण्याची कारणं काय. आडवं वाचलं तर एक लेख कळतो, तो तर आधीच कळलेला असतो. खरी गंमत उभं वाचण्यात आहे. एक रकाना वरून खाली वाचत आलं की कोण कुणाशी सहमत आहे, कोण कुणाला खोटं पाडतंय, आणि कुठं सगळेच गप्प आहेत ते दिसायला लागतं. रिव्ह्यू त्या उभ्या वाचनातून लिहायचा असतो.

पहिलं भांडण लगेच झालं. काही लेखांत प्रश्नावली वापरली होती, पण एका प्रश्नावलीत जास्त गुण म्हणजे गोळ्या नीट घेतो, आणि दुसरीत जास्त गुण म्हणजे चुकवतो. बावडेवालीनं दोन्हीकडचे जास्त गुणवाले ‘नीट’मध्ये टाकले होते. शिवाय काही लेखांनी नीट घेणाऱ्यांचा आकडा दिला होता, काहींनी चुकवणाऱ्यांचा, आणि आम्ही दोघींनी ते एकाच रकान्यात कोंबले होते.

‘‘ह्ये काय केलंयस? ह्यो आकडा उलटा हाय की!’’ मी ओरडले.

‘‘तू तरी काय केलंयस? तुझ्यातबी दोन उलटं हाईत. आदी आपलं बघ.’’

खरंच होते. आम्ही प्रत्येक लेख पुन्हा उघडला, आकडा कशाचा ते शेजारी लिहिलं आणि मोजायची पद्धत वेगळ्या रकान्यात घेतली. तिथं तक्ता पहिल्यांदा काहीतरी बोलायला लागला. पेशंटला विचारून मोजलं की बहुतेक जण गुणी निघत होते, गोळ्यांची पाकिटं मोजली की कमी गुणी. म्हणजे दोन अभ्यासांचे आकडे जुळत नव्हते ते पेशंट वेगळे म्हणूनच नव्हे, मोजपट्टी वेगळी म्हणूनही असू शकत होतं. माझ्या जुन्या रिव्ह्यूत हे दोन्ही आकडे एकाखाली एक गुण्यागोविंदानं बसलेले होते. त्या दिवशी मला बरं वाटलं, हे कबूल करते. असे दिवस थोडेच होते.

मग कारणांचे रकाने आले. एकेक कारणाला एकेक रकाना केला: विसरणं, बरं वाटलं म्हणून बंद करणं, गोळीचा त्रास, खर्च, आणि दवाखान्यात औषधच न मिळणं. लेखात कारण आलं असेल तर ‘आहे’. आलं नसेल तर मी चौकट रिकामी सोडत होते, नंतर बघू म्हणून.

आठवड्याच्या शेवटी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. तक्ता त्यांच्यासमोर छापून ठेवलेला. चेहरा खुलला होता. ‘‘बघ, किती स्वच्छ निघालं. विसरणं जवळजवळ सगळीकडे ‘आहे’. औषध न मिळणं जवळजवळ सगळीकडे ‘नाही’. म्हणजे पेशंटच निष्काळजी. जागरूकता कमी. आता रिव्ह्यू सरळ त्या दिशेनं ने, शेवटी माहितीपुस्तिकेची गरज आली की झालं.’’

माहितीपुस्तिका! आमच्या कॉलेजात कुठलाही विषय घ्या, शेवटी पुस्तिका निघते. मधुमेहाला पुस्तिका, स्तनपानाला पुस्तिका. पण मी त्या क्षणी पुस्तिकेवर चिडले नाही, माझं लक्ष ‘नाही’वर होतं. मी इतके ‘नाही’ लिहिले नव्हते. माझ्या ओळींत तर रिकाम्या चौकटी होत्या. आता एकही रिकामी नव्हती.

बावडेवाली लायब्ररीत सापडली.

‘‘माझ्या ओळीत ‘नाही’ कुणी भरलं?’’

‘‘मी भरलो की. मॅडम म्हणाल्या छापायच्या आदी पुरं कर. निम्मं तर रिकामं सोडलंतंस तू.’’

‘‘अगं, पर का भरलीस?’’

तिला माझा प्रश्नच कळेना. ‘‘रिकामं कसं सोडायचं? चार्ट रिकामा सोडशील काय वॉर्डात तू? लेखात न्हाई म्हंजे न्हाईच की.’’

आणि इथं माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिच्या मूर्खपणामुळे नव्हे. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं. नर्सला पहिल्या वर्षापासून एकच घोकवतात, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. तापाची चौकट रिकामी राहिली तर इन्चार्ज सिस्टर सगळ्यांसमोर उभं करते. आमच्या हातांना रिकामी चौकट सोडवत नाही. वॉर्डात तो गुण आहे, म्हणून तर पेशंट जगतात. इथं त्याच गुणानं घात केला होता. अशी चूक एखाद्या हिशेबनिसानंही केली नसती, ती आम्हीच करू शकत होतो.

मी तिच्याच ओळींतला एक लेख उघडला आणि शेवटी जोडलेली प्रश्नावली काढली. पेशंटला विचारलं होतं: विसरता का? बरं वाटल्यावर बंद करता का? प्रवासात न्यायच्या राहतात का? त्रास होतो म्हणून टाळता का? संपलं. औषध मिळतं का, हा प्रश्नच नव्हता. दुसरा लेख उघडला, तेच. तिसरा, तेच. मी तिला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवत गेले आणि माझा आवाज वाढत गेला. लायब्ररीतल्या बाईंनी दोनदा शुक् केलं.

‘‘बघ की! विचारलंच न्हाई त्यांनी. विचारलंच न्हाई, तर पेशंट सांगंल कसा? आणि आपण लिवलोय ‘नाही’. म्हंजे औषध सगळ्यांना मिळतंय आणि ह्येच लोक विसरभोळं. चोर सोडून संन्याशाला फाशी!’’

तिनं चौथा लेख स्वतःच उघडला, तेच होतं. मग म्हणाली, ‘‘एवढं वरडू नगंस. परत भरू.’’

मी इतकी का पेटले ते सांगायला हवं. आमचं गाव राधानगरीच्या बाजूला, धरणाच्या वर. माझ्या वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळायच्या, म्हणजे मिळाल्या तर मिळायच्या. पावसाळ्यात गाडी अडली की नाही. अर्धी पट्टी द्यायचे आणि पुढच्या आठवड्यात या म्हणायचे. त्या आठवड्यात भाताची लावण असायची, आणि गेलं तरी गोळी नसायची. वडिलांची उजवी बाजू गेली तेव्हा मी त्यांना शहरात आणलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं नाडी बघता बघता विचारलं, ‘‘गोळ्या बंद केल्या होत्या ना?’’ आणि उत्तराची वाट न बघता शेजारच्या सिस्टरला म्हणाला, ही खेड्यातली माणसं ऐकतच नाहीत. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वडिलांचं तोंड वाकडं झालं होतं, त्यांना बोलताही येत नव्हतं. ते नुसते बघत होते. मी तेव्हा काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण मला तिथून बाहेर काढावं लागलं.

तर तो ‘नाही’ माझ्यासाठी नुसता तक्त्यातला शब्द नव्हता. तो तसाच कमिटीपुढं गेला असता तर मीच, माझ्या सहीनं, त्या डॉक्टरचं वाक्य पुस्तकी भाषेत लिहून दिलं असतं.

आम्ही सगळे लेख पुन्हा उघडले. आता चौकटीत तीनच गोष्टी लिहायच्या ठरल्या: ‘आढळलं’, ‘विचारलं पण आढळलं नाही’, आणि ‘विचारलंच नाही’. आणखी दोन रकाने वाढवले. कारणं कशी विचारली, ठरलेल्या यादीवर खूण करून की मोकळं बोलू देऊन? आणि पेशंट कुठं गाठले? जिथं लेखात पुरता खुलासा नव्हता तिथं ‘कळत नाही’ लिहिलं. ते लिहिताना बावडेवालीचा जीव कळवळायचा, पण तिनं लिहिलं. एकदा मी घाईत एका लेखाला ‘विचारलंच नाही’ टाकलं, तर तिनं तळटीप काढून दाखवली की विचारलं होतं आणि नव्हतं आढळलं. ‘‘तुला पायजे म्हणून तसं लिवू नगंस,’’ ती म्हणाली. मला ते झोंबलं, कारण बरोबर होतं. मी चौकट बदलली.

मग रकाना उभा वाचला. औषध न मिळण्याच्या रकान्यात वरून खाली ‘विचारलंच नाही, विचारलंच नाही’ अशी रांग लागली होती. ज्या थोड्या लेखांनी विचारलं होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांना ते आढळलं होतं. जिथं लोकांना मोकळं बोलू दिलं होतं, तिथं तर ते स्वतःहून सांगत होते. आणि शेजारचा रकाना आणखी वाईट होता. बहुतेकांनी पेशंट गाठले होते ओपीडीत. म्हणजे औषध मिळत नाही म्हणून ज्यानं दवाखान्यात यायचंच सोडलं, तो कुठल्याच अभ्यासात नाही. जो आला त्यालाच विचारायचं, का येत नाही!

मी रिव्ह्यू पुन्हा लिहिला. आता परिच्छेद लेखांचे नव्हते, रकान्यांचे होते. पहिला मोजपट्टीचा: विचारून मोजणारे अभ्यास एका बाजूला, पाकिटं मोजणारे दुसऱ्या बाजूला, आणि आकडे का जुळत नाहीत. दुसरा कारणांचा: विसरणं सगळीकडे दिसतं, पण ते सगळीकडे विचारलंही जातं. तिसरा, न विचारलेल्याचा. एकेका वाक्यामागं पाच-सहा लेख उभे होते आणि तरी वाक्य एकच होतं. ढिगाला पहिल्यांदाच अर्थ आला होता. ते लिहितानाही मी रागातच होते, पण राग कामाला लावला की तो बरा चालतो.

मॅडमनी वाचलं आणि चष्मा काढला. ‘‘हा तिसरा भाग काढ. आणि तो रकानाही काढ. कमिटीत उगाच प्रश्न वाढतात.’’

‘‘मॅडम, तो काढला तर दुसरा भाग खोटा पडतो.’’

‘‘तू सरकारी दवाखान्यांची चौकशी करायला आलीस की नर्सिंग शिकायला?’’

‘‘मी न्हाई काढणार.’’

‘‘मग कमिटीत तू आणि तुझं नशीब. मी तोंड उघडणार नाही.’’

‘‘चालंल की,’’ मी म्हणाले आणि बाहेर पडले. दार जरा जोरात लागलं. वाऱ्यानं नव्हे.

कमिटीच्या दिवशी त्या निवृत्त डॉक्टरांनी तक्ता पुढं ओढला आणि माझं बोलणं ऐकता ऐकता बोटानं रकाना वरून खाली वाचत गेले. तीन प्रश्न विचारले, तिन्ही खोचक. तिन्हींना उत्तर तक्त्यात होतं. ‘‘आता हा रिव्ह्यू आहे,’’ ते म्हणाले. मॅडमचा चेहरा लगेच उजळला, जणू तिसरा परिच्छेद त्यांनीच लिहिला होता. मी मनात शिवी दिली आणि कागद गोळा करायला लागले.

‘‘बसा,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘तुमची प्रश्नावली बघू. पेशंटना तुम्ही काय विचारणार?’’

मॅडमनी अभिमानानं ती पुढं केली. आमच्याकडं प्रश्नावली रिव्ह्यूच्या आधीच तयार होते. मागच्या वर्षीच्या मुलीची घ्यायची, आजाराचं नाव बदलायचं, पाच तज्ज्ञांकडून तपासून सह्या आणायच्या. रिव्ह्यू नंतर, वरातीमागून घोडं. माझीही तशीच झालेली, केव्हाच, आणि फाईलला लागलेली. त्या फाईलकडं मी नंतर ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी ती वाचली आणि माझ्याकडं सरकवली. पेनही पुढं केलं. ‘‘तुमचा अभ्यास झाला असं समजा. तुमच्याच तक्त्यात शेवटची ओळ तुमची भरा. औषध न मिळण्याच्या रकान्यात काय लिहाल?’’

मी प्रश्नावली वाचली. विसरता का? बरं वाटल्यावर बंद करता का? प्रवासात राहतात का? शेवटपर्यंत वाचली आणि पुन्हा वाचली. इतके दिवस मी जगातल्या लोकांच्या नावानं खडे फोडत होते, आणि माझ्याच सहीची प्रश्नावली माझ्या वडिलांसमोर ठेवली असती तर त्यांना खूण करायला जागा नव्हती.

मी पेन घेतलं आणि लिहिलं: विचारलंच नाही.

‘‘हे बदलायचं तर सगळ्या तज्ज्ञांकडं परत जावं लागेल,’’ मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. ‘‘पुन्हा चाचणी, पुन्हा मंजुरी. तिचं सत्र जाईल, सर.’’

‘‘जाऊ दे,’’ मी म्हणाले.

मागच्या खुर्चीवर बावडेवाली आपल्या पाळीची वाट बघत होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती उठून उभी राहिली. ‘‘सर, माझंबी तसलंच हाय,’’ ती म्हणाली. ‘‘माझंबी परत करतो.’’ मॅडमनी तिच्याकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर खाली बसली असती.

सत्र गेलं. घरात त्यावरून व्हायचं ते झालं. नवी प्रश्नावली मंजूर होऊन हातात आली तेव्हा मी ओपीडीच्या बाकड्यावर पहिल्या पेशंटशेजारी बसले. हातकणंगल्याकडचा म्हातारा, पटका बांधलेला, हातात काठी. बाकीचे प्रश्न त्यानं हुं हुं करत उडवून लावले. विसरता का? न्हाई. त्रास होतो का? न्हाई. मग मी विचारलं, ‘‘बाबा, दवाखान्यात गोळी मिळाली न्हाई म्हणून कधी चुकली काय?’’

त्याची मान गर्रकन वळली. तो असा भडकला की शेजारचे लोक बघायला लागले. ‘‘आत्ता इचारतायसा व्हय? आत्ता? गोळ्या न्हाईत, न्हाईत म्हणून वरडून वरडून घसा बसला माझा. ऐकलं काय कुणी? वर मलाच झापलं, टायमाला घेत न्हाईस म्हणून!’’ काठी फरशीवर आपटत तो बोलत राहिला. मी त्याला थांबवलं नाही. माझ्याकडं त्याला द्यायला गोळी नव्हती. त्याचं ओरडून झाल्यावर मी त्या चौकटीत खूण केली, आणि खाली सोडलेल्या मोकळ्या जागेत त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं.